दाबून धरलं की काय निघतं

फोनचा इंग्रजी कीबोर्ड उघडला की डोळ्यांना 26 अक्षरं दिसतात, शिवाय शिफ्ट, स्पेस, बॅकस्पेस, एंटर, स्वल्पविराम, टिंब आणि कोपऱ्यात ?123 असं लिहिलेलं एक बटण, झालं, एवढाच पसारा. बाकीचा संसार या बटणांच्या पोटात असतो आणि बोट नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ टेकवून ठेवलं की तो वर येतो. बरेच जण वर्षानुवर्षं फोन वापरतात आणि त्यांना हे माहीतच नसतं, किंवा माहीत असतं ते एवढंच की कधीकधी मध्येच एक पट्टी उगवते आणि नको ते काहीतरी उमटतं.

कॉम्प्युटरवर वाढलेल्या माणसाला हे आधी जरा उलटंच वाटतं. तिथे बटण दाबून धरलं की तेच अक्षर पुन्हा पुन्हा येत राहतं, ooooooo. फोनवर तसं करता येत नाही, म्हणून तर "hiiiiii" लिहिणारी पोरं i वर टकटक टकटक करत बसलेली दिसतात, कारण i दाबून धरला तर î ï í यांची रांग समोर येते. दाबून धरल्यावर तेच काम पुन्हा पुन्हा करायचा जुना मान फोनवर फक्त बॅकस्पेसला उरलाय. (अॅपलने 2011 साली लॅपटॉपवरही फोनची पद्धत आणली, अक्षर दाबून धरलं की स्वरचिन्हांची पट्टी, आणि प्रोग्रामिंग करणारी मंडळी वैतागली, त्यांना जुनंच हवं होतं. ते बंद करायची सोय आहे म्हणून निभावलं.)

आता हे "जरा जास्त वेळ" म्हणजे किती? अँड्रॉइडचा जो मूळ, सगळ्यांना खुला असलेला कीबोर्ड आहे त्यात हा आकडा 300 मिलिसेकंद आहे, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमीच. बोट टेकलं की आत घड्याळ सुरू होतं. 300 च्या आत बोट उचललं तर साधं अक्षर, त्याच्या पुढे गेलं तर पट्टी. अक्षर उमटतं ते बोट टेकताना नाही, उचलताना, हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं सोपं होतं. पण ही 300 ची मर्यादा सगळ्यांना सारखी जमत नाही, आणि याचा खरा त्रास ज्यांना होतो त्यांना कळतही नाही की त्रास कशाचा आहे.

आमच्या बापूकाकांचंच सांगते. पंच्याहत्तरीच्या पुढचे, डोकं एकदम तल्लख, रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर त्यांचा मेसेज यायचा तो असा: "Good m9rn8ng". मग "R3ached home". मग एकदा "Doc5or said ok". ग्रुपवरच्या पोरांनी त्यावर मीम्स केले, कोणी म्हणालं चष्म्याचा नंबर वाढलाय, काकूंनी तर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली. पण नीट बघितलं तर चुका वाटेल त्या अक्षरात होत नव्हत्या. o चा 9 झालेला, i चा 8, e चा 3, t चा 5. a, s, m, n यांना कधी धक्का लागलेला नाही. ज्याने qwerty बघितलाय त्याला हे लगेच दिसेल, सगळ्यात वरच्या ओळीत q पासून p पर्यंत दहा अक्षरं आहेत आणि त्यांच्या कोपऱ्यात बारीक 1 ते 0 लिहिलेलं असतं. वरच्या ओळीतलं अक्षर दाबून धरलं की पहिला मान त्या आकड्याला मिळतो. काका बघत बरोबर होते, बोटही बरोबर जागी पडत होतं, फक्त ते उचलायला त्यांना सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरत नव्हता.

"अगं पण मी तर नीट दाबतो, उगाच टिचक्या मारत नाही," असं काका म्हणाले आणि त्यातच सगळं आलं. नीट दाबायची सवय त्यांना जुन्या बटणांच्या फोनची. तिथे बटण खरोखर खाली जायचं आणि गंमत म्हणजे तिथेही हाच नियम होता, मेसेज लिहिताना 7 चं बटण टपाटप दाबलं की p, q, r, s आणि तेच दाबून धरलं की थेट 7. म्हणजे अक्षराच्या बटणात आकडा दाबून ठेवायची ही पद्धत टचस्क्रीनच्या आधीची आहे, फक्त तिथे मुद्दाम धरावं लागायचं आणि इथे नुसतं रेंगाळलं तरी चालतं.

उपाय पाच मिनिटांचा होता. गूगलचा कीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये Preferences, आणि तिथे खाली खाली गेलं की Key long press delay (व्हर्जनप्रमाणे नाव थोडं बदलतं, touch and hold असे शब्द दिसले तर तेच समजायचं). तिथे एक सरकपट्टी आहे, ती 300 वरून 500 च्या पुढे नेली. दुसऱ्या कंपन्यांच्या कीबोर्डमध्येही असं सेटिंग बहुतेक सापडतं. आणखी एक करता येतं, आकड्यांची वेगळी ओळ वर कायमची चालू करून टाकायची, Number row, म्हणजे आकडे अक्षरांच्या पोटातून बाहेर येतात. काकांना दोन्ही करून दिलं. वेळ वाढवली की एक तोटा होतो, ज्याला मुद्दाम पट्टी हवी त्याला प्रत्येक वेळी जास्त थांबावं लागतं, पण काकांना é लिहायचा नव्हता त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. उलट भरभर लिहिणाऱ्याने हाच आकडा 200 च्या आसपास आणून बघावा, पट्टी झटकन येते, पण मग विचार करत करत टाईप करायची सवय असेल तर मधेमधे आकडे घुसायला लागतात. आपला आपण ठरवायचा.

आता मुद्दाम वापरणाऱ्यांचं. सगळ्यात जास्त लोक एकच चूक करतात, पट्टी आली की बोट उचलतात आणि मग पट्टीवरच्या अक्षराला हात लावायला जातात. तोपर्यंत पट्टी गेलेली असते आणि पट्टीत जे आधीपासून निवडलेलं होतं तेच उमटलेलं असतं. बोट उचलायचंच नाही. टेकवायचं, पट्टी येऊ द्यायची, तसंच काचेवरून घसरत हव्या त्या अक्षरावर जायचं आणि तिथे सोडायचं. चुकून पट्टी आली असेल तर बोट तसंच घसरवत पट्टीपासून लांब न्यायचं आणि मग उचलायचं, बहुतेक वेळा काहीच उमटत नाही.

हीच घसरगुंडी ?123 या बटणावरही चालते आणि माझ्या मते ही कीबोर्डमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, तरी कोणी कोणाला सांगत नाही. समजा मजकुरात मध्येच एक कंस हवाय. नेहमीची पद्धत म्हणजे ?123 दाबा, कंस दाबा, मग ABC दाबून परत या, तीन टिचक्या. त्याऐवजी ?123 वर बोट टेकवायचं, चिन्हांचं पान लगेच उघडतं, थांबायची पण गरज नाही, तसंच घसरत कंसावर जायचं आणि सोडायचं. कंस उमटतो आणि पान आपोआप अक्षरांवर परत येतं. आयफोनवर 123 च्या बटणाचंही हेच. आणि नुसतं प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबं वगैरे हवं असेल तर तेवढंही नको, गूगलच्या कीबोर्डवर स्पेसशेजारचं टिंब दाबून धरलं की बारीक चिन्हांचा एक छोटा बाजारच उघडतो, ? ! # ( ) / ; ' @ : - " + % & असा. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभ्याने लिहिणाऱ्याला हे फार सोयीचं, अंगठा कोपऱ्यातून हलवावाच लागत नाही.

आणखी पुढे जायचं तर सेटिंगमध्ये अक्षरं दाबून धरल्यावर चिन्हं यावीत असा एक पर्याय असतो. तो चालू केला की मधल्या ओळीत a खाली @, s खाली #, भारतातल्या इंग्रजी कीबोर्डवर d खाली ₹, f खाली _, g खाली &, h खाली -, j खाली +, आणि k, l खाली दोन कंस. हा क्रम कोणी पाठ करायला नको, चिन्हांच्या पानावरची मधली ओळ जशीच्या तशी अक्षरांवर बसवलेली आहे, ते पान आठवलं की झालं. मी वर "भारतातल्या" म्हटलं ते मुद्दाम. कीबोर्डची भाषा निवडताना English (US) घेतली की रुपयाच्या जागी डॉलर बसतो आणि English (India) घेतली की ₹ समोर येतो. किती लोकांच्या फोनवर पहिल्या दिवसापासून अमेरिकन इंग्रजी आहे आणि ते Rs. Rs. लिहीत बसलेत. (तरी Rs. ची बाजू घेऊन मी पुढे बोलणार आहे, थांबा जरा.)

आता चिन्हांच्या पोटातली चिन्हं. साधी आडवी रेघ दाबून धरली की तिच्यापेक्षा थोडी लांब – आणि आणखी लांब — अशा दोन रेघा येतात. 2010–15 असा काळ दाखवायला मधली, वाक्यात थबकायला लांब, आणि जोडशब्दाला साधी. ज्याला छापलेलं वाचायची सवय आहे त्याच्या डोळ्यांना साधी रेघ सगळीकडे टोचते. आयफोनवर टिंब दाबून धरलं की तीन टिंबांचं एकच चिन्ह … मिळतं आणि 0 दाबून धरला की ° मिळतं. अँड्रॉइडवर ° चिन्हांच्या दुसऱ्या पानावर आहे आणि त्याच्या पोटात ′ आणि ″ आहेत, म्हणजे पुण्याचे अक्षांश 18°31′ असे नीट लिहायचे असतील तर एकाच बटणावर काम होतं, आधी टिचकी, मग 31, मग तेच बटण दाबून धरून ′. अवतरणचिन्हाचा एकेरी कोंब वापरला तरी वाचणाऱ्याला कळतं म्हणा.

इथे एक सारखा दिसणारा भामटा आहे. स्पॅनिश किंवा पोर्तुगीज कीबोर्ड लावलेला असेल तर o च्या पोटात º असं एक चिन्ह निघतं, ते अंशाचं नाहीच, त्यांच्याकडे "पहिला, दुसरा" लिहिताना आकड्याला लावायचं बारीक o आहे ते. ओव्हन 180º आणि 180° यात लांबून काही फरक दिसत नाही. ओळखायचं कसं, तर काही फॉन्टमध्ये त्या º खाली बारीक रेघ असते आणि ते गोल नसतं, अंड्यासारखं लांबट असतं. अंशाचं चिन्ह कायम पूर्ण गोल.

अपूर्णांकांचं मात्र मला मनापासून हसू येतं. गूगलच्या कीबोर्डवर 1 दाबून धरला की ½ ¼ ⅓ निघतात, रेसिपी लिहिणाऱ्या मैत्रिणी खूश. पण मराठी आकडे वापरत असाल तर "१½ वाटी" असं अर्धं नागरी अर्धं इंग्रजी प्रकरण तयार होतं, कारण ½ मधले आकडे इंग्रजीच, आणि त्याचं देवनागरी भावंड कीबोर्डवर नाही. आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे दणदणीत शब्द असताना बटण दाबून कशाला थांबायचं? "दीड वाटी रवा" लिहून तुमचा 300 मिलिसेकंदांचा वेळ वाचतो.

आता Rs. ची बाजू. आमच्या ओळखीतल्या एका लहान सोसायटीत 36 ब्लॉक आहेत. तिथल्या सेक्रेटरी मॅडम मेंटेनन्सचा मेसेज एसएमएसने पाठवतात, कारण चार-सहा घरांत अजून साधे फोन आहेत आणि कोणाला कळवलं, कोणाला नाही असं व्हायला नको. मेसेज साधारण असा:

```
Dear member, maintenance of Rs.2400 for Jan-Mar is due by 10th. Water tank will be cleaned on Sunday, so no supply from 9am to 2pm. Pay at office. -Secretary
```

मोजलं तर यात स्पेस धरून 157 अक्षरं आहेत. एसएमएसची मर्यादा 160, त्यामुळे एका घराला एक मेसेज, 36 घरांना 36. एकदा त्यांच्या मुलाने कीबोर्डवर ₹ कसा आणायचा ते दाखवलं, त्यांना ते आवडलं, आवडणारच, Rs. पेक्षा दिसतं किती छान. Rs. ची तीन अक्षरं जाऊन ₹ चं एक आलं म्हणजे मेसेज उलट लहान झाला, 155. आणि त्या दिवशी तिसाव्या-पस्तिसाव्या घरापाशी मेसेज जाणंच बंद झालं. फोन बिघडला, रेंज गेली, रिचार्ज संपला, सगळं तपासून झालं.

झालं होतं ते असं. एसएमएस हे प्रकरण ठरवलं गेलं तेव्हा एका मेसेजमध्ये 140 बाइट जागा दिली होती. साधी रोमन अक्षरं प्रत्येकी 7 बिटांत बसतात, म्हणून 140 बाइटांत 160 अक्षरं. पण ही सोय एका ठरलेल्या यादीतल्या अक्षरांपुरती आहे. यादीच्या बाहेरचं एक जरी अक्षर मेसेजमध्ये आलं की सगळाच्या सगळा मेसेज 16 बिटांच्या पद्धतीने जातो, तेच एक अक्षर नाही, सगळा, आणि मग 140 बाइटांत 70 च अक्षरं मावतात. त्याहून लांब मेसेज तुकड्यांत जातो आणि तुकडे परत जोडायची खूण आत घालावी लागते म्हणून प्रत्येक तुकड्यात 67. 155 ला 67 ने भागा, तीन तुकडे. 36 घरं गुणिले तीन, 108. आणि बऱ्याच प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाला 100 एसएमएसच असतात. रुपयाचं चिन्ह भारताने 2010 च्या जुलैमध्ये स्वीकारलं, एसएमएसची यादी त्याच्या कितीतरी आधीची, त्यात ₹ कुठून असणार. युरो आहे बघा त्यात, नंतर जोडलेला, दोन अक्षरांची जागा खातो पण यादीत आहे.

या यादीत कोण आत आणि कोण बाहेर ते बघितलं की यादी करणारे कुठले हे लगेच कळतं. é, è, à, ù, ü, ö, ä, ñ, ß हे सगळे आत. म्हणजे "café" लिहिलंत तर काही होत नाही, आणि "crêpe" लिहिलंत की तो ê बाहेरचा, मेसेजचे तुकडे. मघाशी कौतुकाने सांगितलेली लांब रेघ — बाहेर. तीन टिंबांचं … बाहेर. वळणदार अवतरणं “ ” बाहेर, आणि ही तर आयफोन न विचारता लावतो, Smart Punctuation नावाचं सेटिंग चालू असलं की साधं ' टाईप केलं तरी ’ होतं. मेसेज लिहिताना बऱ्याच फोनवर पाठवायच्या बटणाशेजारी बारीक आकडे दिसतात, किती अक्षरं उरली आणि किती तुकडे झाले ते. तो तुकड्यांचा आकडा लहानशा मजकुरातच 1 वरून 2, 3 झाला की समजायचं कोणीतरी बाहेरचा घुसलाय. शोधायचा सोपा मार्ग म्हणजे शेवटून एकेक पुसत यायचं, ज्या अक्षराला आकडा धपकन खाली येतो तो चोर. सेक्रेटरी मॅडमचं Rs. परत आलं आणि मेसेज पहिल्यासारखे जायला लागले.

मराठीतून मेसेज लिहिणाऱ्यांना हा प्रश्नच नाही कारण आपण कायम 70 वालेच. वर मात्रा, वेलांट्या, हलन्त सगळे स्वतंत्र मोजले जातात, "क्षमस्व" दिसायला तीन अक्षरी, मोजणीत सात.

मराठी कीबोर्डचा विषय निघालाच आहे तर एक बटण सांगायलाच हवं, ते म्हणजे र. "दुसऱ्या", "वाऱ्यावर", "येणाऱ्या" यातला अर्धा र लिहायला र, हलन्त, य असं टाईप केलं की त्याचा रफार होतो आणि "दुसर्या" तयार होतं. इंटरनेटवर हे "दुसर्या" इतकं पसरलंय की नवीन पोरांना ते चुकीचं वाटतच नाही. खरं तर बहुतेक मराठी कीबोर्डवर र दाबून धरला की पट्टीत ऋ च्या आसपास एक टिंबवाला ऱ दिसतो, तो घ्यायचा, मग हलन्त, मग य. टिंब आपोआप गायब होतं आणि हवा तो ऱ्य येतो. डोंगरातल्या दऱ्या आणि कोळ्यांचा दर्या एवढ्याने वेगळे राहतात. कॉम्प्युटरवरच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हा ऱ शिफ्ट धरून र च्याच बटणावर आहे, फोनवर शिफ्टची जागा दाबून धरण्याने घेतली एवढंच. आवाजी टाईपिंग किंवा इंग्रजीतून मराठी करणारे कीबोर्ड वापरणाऱ्यांना हा र बरेचदा आयता मिळतो, पण एखादं आडनाव किंवा गावाचं नाव आलं की तेही गडबडतात आणि मग हाताने लिहायची वेळ येते.

आता शेवटी ज्यासाठी ही सोय मुळात केली गेली ती स्वरचिन्हांची अक्षरं. टाईपरायटरच्या काळात फ्रेंच यंत्रावर एक मुकं बटण असायचं, ते दाबलं की कागदावर ^ उमटायचा पण गाडी पुढे सरकायची नाही, मग e दाबला की त्याच जागी ê. आधी टोपी, मग अक्षर. फोनने हा क्रम उलटा केला, आधी अक्षर धरा, मग टोपी निवडा, आणि मला हे जास्त पटतं कारण लिहिताना डोक्यात आधी अक्षरच येतं. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या पोरांना हे पहिल्या आठवड्यात कळतं. u दाबून ü, o दाबून ö, s दाबून ß, Straße लिहिता येतं. पट्टी नाहीच मिळाली तरी जर्मनला पळवाट आहे, ü ऐवजी ue, ö ऐवजी oe, ß ऐवजी ss, Müller चा Mueller, त्यांच्या पासपोर्टच्या खालच्या मशीनने वाचायच्या ओळीतही असंच छापतात. नुसता टोपी काढलेला Muller मात्र तिकडे वेगळंच आडनाव ठरतं, म्हणून घरमालकाला किंवा विद्यापीठाला मेल लिहिताना आळस करू नये.

पण या पट्ट्यांमध्ये काय ठेवायचं हे ठरवताना कोणाचा विचार झाला आणि कोणाचा नाही हे बघायचं असेल तर आपल्याच राज्याचं नाव संशोधनाच्या रोमन लिपीत लिहून बघा: Mahārāṣṭra. M, a, h साधे. a दाबून धरला की पट्टीत ā आहे, छान. r, परत ā. मग s दाबा, अँड्रॉइडच्या इंग्रजी पट्टीत ß मिळेल, आयफोनवर त्याच्या जोडीला ś आणि š, पण खाली टिंब असलेला ṣ नाही. t च्या पोटात ṭ नाही. म्हणजे महारा पर्यंत गाडी येते आणि तिथेच थांबते. कृष्ण तर Kṛṣṇa, दुसऱ्या अक्षरालाच अडकतो. व्हिएतनामी कीबोर्ड लावून बघितला तर खाली टिंबवाली अक्षरं आहेत, पण ती ạ, ẹ, ọ अशी स्वरांचीच, आपल्याला हवीत ती व्यंजनं.

माझी एक मैत्रीण संस्कृतात पीएचडी करते आणि तिची अर्धी टिपणं फोनवर असतात, बसमध्ये, लायब्ररीच्या पायरीवर, कुठेही. ती आधी काय करायची, तर t लिहून त्याला युनिकोडमधलं, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीतलं, सुटं टिंब चिकटवायची, कुठल्याशा अॅपमधून कॉपी करून. दिसायला ṭ च. पण युनिकोडमध्ये ṭ हे एकसंध अक्षरही आहे आणि t अधिक टिंब अशी जोडीही आहे, दोन्ही दिसतात सारखी आणि आतून वेगळी. सगळीच अॅप्स या दोघांना एक मानत नाहीत. त्यामुळे तिने टिपणांत एखादं नाव शोधलं की निम्म्या जागा सापडायच्या आणि निम्म्या नाही. ओळखायची एक युक्ती, अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबायचं. अख्खं अक्षर गेलं तर बहुतेक एकसंध, आणि नुसतं टिंब गळून t उरला तर जोडी.

आता तिने दाबून धरायचा नाद सोडलाय. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये Dictionary, त्यात Personal dictionary, तिथे एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्याचा शॉर्टकट लिहिता येतो. आयफोनवर हेच Text Replacement नावाने आहे. पहिल्यांदा तिने एकेका अक्षराचे शॉर्टकट केले होते, tt चा ṭ वगैरे, ते चाललं नाही, कारण कीबोर्ड शॉर्टकट ओळखतो तो अख्खा सुटा शब्द म्हणून, शब्दाच्या मध्ये आलेला tt त्याला दिसत नाही. मग तिने अख्खे शब्दच भरले. mhr लिहिलं की वर सूचनेत Mahārāṣṭra येतं, krs लिहिलं की Kṛṣṇa, आणि तिच्या विषयातल्या ग्रंथांची, टीकाकारांची, गावांची नावं तशीच एकेक करून. नवीन नाव आलं की लॅपटॉपवर एकसंध अक्षरांत टाईप करते, स्वतःलाच मेल करते आणि फोनवर कॉपी करून डिक्शनरीत टाकते. पाणिनी अजून व्हायचाय, म्हणाली, रविवारी बसून करते.